तीन गुणांपासून दहा गुणांपर्यंत: इतिहासाची लेव्हलवाली मार्क स्कीम कशी वाचावी

गेल्या पावसाळ्यात टिळकवाडीतल्या माझ्या शिकवणीला खानापूरकडची एक मुलगी येऊ लागली. सातवीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढं केंब्रिजची शाळा. सरावासाठी मी तिला दहा गुणांचा एक प्रश्न दिला : "१९२० च्या दशकात राष्ट्रसंघ किती यशस्वी ठरला? उत्तराचं स्पष्टीकरण द्या." दुसऱ्या दिवशी ती दोन पानं भरून घेऊन आली. सात घटना, प्रत्येकीचं साल बरोबर, देशांची नावं बरोबर. मी तीन गुण दिले. तिनं वहीकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, सगळं लिहिलंय की! मग तीनच का?"

तिचा प्रश्न रास्त होता. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आपली बहुतेक मुलं राज्य बोर्डाच्या पद्धतीत वाढतात. तिथं तपासणारा मुद्दे मोजतो. चार मुद्दे मागितले, चार बरोबर लिहिले, चार गुण मिळाले. त्या पद्धतीत तिची दोन पानं भरघोस गुणांची होती. केंब्रिजची पद्धत लेव्हलची असते. तिथं तपासणारा आधी संपूर्ण उत्तर वाचतो, मग ते शिडीच्या कोणत्या पायरीवर बसतं ते ठरवतो, आणि त्यानंतरच त्या पायरीच्या आत गुण देतो. सात घटना एकाच पायरीवर उभ्या असतील तर आठवी घातल्यानं पायरी बदलत नाही.

ही शिडी कशी वाचायची ते याच एका प्रश्नावर दाखवतो. परीक्षेत उत्तर इंग्रजीत लिहायचं असतं, इथं समजण्यासाठी मराठीत देतोय.

आधी योग्य कागद हातात घ्या

केंब्रिज आयजीसीएसई इतिहासाचा विषय क्रमांक ०४७०. जुन्या पेपरांच्या फायलींची नावं `0470_s19_ms_12` अशी असतात. यातलं `s19` म्हणजे २०१९ चं मे-जूनचं सत्र. `w` असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि `m` असेल तर मार्च, जे सत्र भारतातल्या शाळांसाठी असतं. `ms` म्हणजे मार्क स्कीम, `qp` म्हणजे प्रश्नपत्रिका, `er` म्हणजे परीक्षकांचा अहवाल. शेवटचा `12` म्हणजे पहिला पेपर, दुसरा संच. मार्क स्कीम एकटी उतरवून घेऊ नका. त्याच सत्राची प्रश्नपत्रिका आणि अहवाल सोबत ठेवा. मुलांनी प्रत्यक्ष काय लिहिलं आणि कुठं गुण गेले हे अहवालात साध्या भाषेत असतं, त्यामुळे स्कीममधल्या कोरड्या शब्दांचा अर्थ तिथं उलगडतो.

अभ्यासक्रमाच्या आवृत्तीबरोबर स्कीमची शब्दरचना आणि तक्त्याचा साचा बदलतो. म्हणून सराव जुन्यावर करा, पण शेवटी आपल्या परीक्षावर्षाच्या नमुना पेपरची स्कीम बघितल्याशिवाय राहू नका.

शिडी खालून वर वाचा

पहिल्या पेपरातला दहा गुणांचा भाग "किती", "कितपत सहमत आहात" असं विचारतो. जुन्या स्कीमांमध्ये त्याची शिडी साधारण अशी असते :

- पहिली लेव्हल, १ गुण : मोघम विधान, नेमकी माहिती नाही.
- दुसरी लेव्हल, २ ते ३ गुण : मुद्दे ओळखले किंवा घटनांचं वर्णन केलं. स्कीममध्ये याला आयडेंटिफिकेशन म्हणतात.
- तिसरी लेव्हल, ४ ते ६ गुण : एकाच बाजूचं स्पष्टीकरण, म्हणजे एक्सप्लनेशन.
- चौथी लेव्हल, ७ ते ९ गुण : दोन्ही बाजूंचं स्पष्टीकरण.
- पाचवी लेव्हल, १० गुण : दोन्ही बाजूंच्या स्पष्टीकरणावर उभं राहून "किती" याचं मूल्यमापन, म्हणजे इव्हॅल्युएशन.

आता या आकड्यांकडे नीट बघा. फक्त वर्णन केलं तर कितीही लिहा, तीनच्या वर जाता येत नाही. एकच बाजू कितीही सुंदर समजावली तरी सहाला कुंपण आहे. आणि वरच्या पायरीचा गुण एकच आहे. म्हणजे मधल्या विद्यार्थ्याला खरी झेप दोन ठिकाणी घ्यायची असते : वर्णनातून स्पष्टीकरणात, आणि एका बाजूवरून दोन्ही बाजूंवर. मूल्यमापनाची चिंता त्यानंतरची.

प्रत्येक लेव्हलखाली "उदाहरणार्थ" म्हणून दोन-चार वाक्यं दिलेली असतात. नवीन पालक आणि काही शिक्षकसुद्धा ती वाक्यं पाठ करून घेतात. ती यादी मुद्द्यांची नसते. त्या पायरीचं वाक्य दिसायला कसं असतं हे दाखवणारा तो नमुना असतो. त्यात नसलेली पण बरोबर असलेली घटना लिहिली तरी गुण मिळतात. केंब्रिजच्या सर्वसाधारण तत्त्वांमध्ये हेही लिहिलेलं असतं की चुकीबद्दल गुण कापायचे नाहीत, जे बरोबर आहे त्याला द्यायचे. तेव्हा घाबरून विधान अर्धवट सोडण्याचं कारण नाही.

वर्णन आणि स्पष्टीकरण यांतला फरक

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळ मागतो, म्हणून इथं थांबू. त्या मुलीच्या वहीतलं वाक्य होतं : "१९२३ मध्ये इटलीने ग्रीसचे कॉर्फू बेट ताब्यात घेतले. राष्ट्रसंघ अपयशी ठरला." दोन्ही विधानं खरी आहेत. पण पहिल्यामुळे दुसरं कसं सिद्ध होतं, हे वाचणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यातून भरायचं. लेव्हलच्या पद्धतीत तपासणारा ते भरत नाही. कागदावर आहे तेवढंच बघतो.

तीच घटना तिसऱ्या लेव्हलवर अशी येते :

"ऑगस्ट १९२३ मध्ये ग्रीस आणि अल्बानियाची सीमा आखण्याच्या कामावर असलेला इटालियन जनरल टेलिनी ग्रीसच्या हद्दीत मारला गेला. मुसोलिनीनं भरपाई मागितली आणि कॉर्फूवर तोफा डागून ते बेट घेतलं. ग्रीसनं राष्ट्रसंघाकडे दाद मागितली, पण मुसोलिनीनं प्रकरण संघाकडून काढून राजदूतांच्या परिषदेकडे नेलं आणि शेवटी ग्रीसलाच पाच कोटी लिरा द्यावे लागले. सभासद देशावर हल्ला झाला तर बाकीचे त्याच्या पाठीशी उभे राहतील, या वचनावर संघ उभा होता. इथं ज्याच्यावर हल्ला झाला त्यानंच पैसे भरले, म्हणून हे संघाचं अपयश."

शेवटच्या दोन वाक्यांवर पेन्सिलनं रेघ मारा. गुण तिथं आहेत. वरची माहिती म्हणजे त्या दोन वाक्यांसाठी गोळा केलेला पुरावा.

मुलांना हे सांगितलं की ती प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी "म्हणून राष्ट्रसंघ अपयशी ठरला" असं चिकटवतात. त्यानं पायरी चढत नाही. खरं स्पष्टीकरण कोणतं हे ओळखायला मी एक चाचणी वापरतो. परिच्छेदातली घटना झाकून टाका आणि तिथं दुसरी ठेवा. कॉर्फूच्या जागी व्हिल्ना ठेवलं तरी शेवटचं वाक्य जसंच्या तसं चालत असेल, तर ते वाक्य कॉर्फूबद्दल काहीच सांगत नाही. "ज्याच्यावर हल्ला झाला त्यानंच पैसे भरले" हे व्हिल्नाला लागू होत नाही. तिथं ऑक्टोबर १९२० मध्ये पोलिश सैन्यानं शहर घेतलं, लिथुआनियानं तक्रार केली, संघानं पोलंडला माघार घ्यायला सांगितलं आणि पोलंडनं ऐकलं नाही. तिथलं अपयश वेगळ्या जातीचं आहे : आदेश होता, पण तो पाळायला लावण्याची ताकद किंवा इच्छा नव्हती. दोन घटनांची दोन वेगळी "म्हणून" वाक्यं लिहिता आली की समजा, मूल तिसऱ्या लेव्हलवर पक्कं बसलं.

दुसरी बाजू

राष्ट्रसंघ म्हटलं की मुलं अपयशाकडे धावतात, कारण पुढं दुसरं महायुद्ध झालं हे त्यांना ठाऊक असतं. त्या धांदलीत १९३१ चं मांचुरिया आणि १९३५ चं ॲबिसिनियाही आत येतं. प्रश्न १९२० च्या दशकाचा आहे. ही दोन उदाहरणं कितीही छान लिहिली तरी या प्रश्नाच्या उत्तरात त्यांना जागा नाही. प्रश्नातल्या सालांभोवती गोल काढायची सवय पहिल्या आठवड्यातच लावा.

यशाच्या बाजूला दोन उदाहरणं नीट समजावली तरी पुरतात. एक, १९२५ चं बल्गेरिया. सीमेवर गोळीबार झाला, ग्रीसचं सैन्य बल्गेरियात घुसलं, बल्गेरियानं संघाकडे धाव घेतली. संघानं ग्रीसला सैन्य मागं घ्यायला सांगितलं, चौकशी केली आणि ४५,००० पौंड भरपाई ठरवली. ग्रीसनं दोन्ही मानलं. युद्ध पेटण्याआधी थांबलं आणि निर्णय पाळला गेला, म्हणून हे यश.

दुसरं, ऑलंड बेटं. ही हकीकत सांगितली की आमच्या वर्गात पोरं ताठ बसतात, आणि ते साहजिक आहे. बाल्टिक समुद्रातली ही बेटं, राहणारे लोक स्वीडिश बोलणारे, त्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं. पण बेटं नव्यानं स्वतंत्र झालेल्या फिनलंडकडे होती. १९२१ मध्ये राष्ट्रसंघानं बेटं फिनलंडकडेच ठेवली, मात्र तिथल्या लोकांना स्वायत्तता आणि स्वीडिश भाषेची हमी दिली आणि बेटांवर लष्करी तळ नको असं ठरलं. दोन्ही देशांनी निर्णय मानला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेची गोष्ट घरात ऐकत मोठं झालेलं बेळगावचं मूल इथं लगेच विचारतं, "पण सर, लोकांना जिकडं जायचं होतं तिकडं पाठवलं नाहीच की. मग हे यश कसं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो उत्तरात आणायचा, पण निबंधासारखा नाही. दोन वाक्यांत आपल्या गावाची व्यथा मांडली तर तपासणाऱ्याला त्यातून राष्ट्रसंघाबद्दल काहीच मिळत नाही. तीच शंका "यश कशाला म्हणायचं" या स्वरूपात मांडली, तर ती वरच्या पायरीचं साहित्य होते. कशी, ते पुढं बघू.

दहावा गुण

चौथ्या लेव्हलच्या उत्तरांचा शेवट बहुतेक वेळा असा असतो : "अशा प्रकारे राष्ट्रसंघाला काही बाबतीत यश आलं आणि काही बाबतीत अपयश, पण एकंदरीत तो बऱ्यापैकी यशस्वी होता." वाचायला नीटस आहे, पण यात नवीन काही नाही. वर लिहिलेलं परत सांगितलं आणि मत जोडलं. "बऱ्यापैकी" का, "फारसा नाही" का नाही, याचं कारण नाही. अशा शेवटाला नऊच्या वर जाता येत नाही.

काही मुलं यश आणि अपयश मोजतात : पाच यशं, तीन अपयशं, म्हणून यशस्वी. मोजणी म्हणजे वजन नव्हे. एखादं अपयश बाकीच्या सगळ्या यशांचा अर्थ बदलू शकतं.

मूल्यमापन करायला एक निकष लागतो आणि तो निकष दोन्ही बाजूंच्या उदाहरणांवर घासून बघावा लागतो. या प्रश्नात त्यासाठी देणगी म्हणावी अशी जोडी आहे, कारण ग्रीस दोन्हीकडे आहे. १९२३ मध्ये ग्रीसवर हल्ला झाला आणि पैसे ग्रीसनं भरले. १९२५ मध्ये ग्रीसनं हल्ला केला आणि पैसे ग्रीसनंच भरले. दोन वर्षांत नियम तोच, संघ तोच. बदलला तो समोरचा देश. १९२३ मध्ये समोर इटली होती, म्हणजे संघाच्या कौन्सिलची कायम सभासद. १९२५ मध्ये समोर बल्गेरिया होता. यातून निष्कर्ष निघतो : दोन्ही पक्ष लहान असतील तर संघाचा शब्द चाले, मोठं राष्ट्र उलट उभं राहिलं की चालत नसे.

सरासरी विद्यार्थी इथं खूश होऊन थांबतो. उत्तम विद्यार्थी आपल्याच निष्कर्षाला व्हिल्नाचा प्रश्न विचारतो. पोलंड काही मोठं राष्ट्र नव्हतं, मग त्यानं आदेश कसा झुगारला? कारण फ्रान्सला जर्मनीच्या पलीकडे एक मजबूत मित्र हवा होता आणि पोलंडवर दबाव आणण्यात त्याला रस नव्हता. म्हणजे आकार हा खरा निकष नाही. मोठ्या राष्ट्रांना त्या प्रकरणात काय हवं होतं, हा निकष आहे. आता उत्तराचा शेवट असा लिहिता येतो :

"संघाची यशं खरी होती, पण ती उसन्या ताकदीवर होती. बल्गेरियाच्या प्रकरणात ब्रिटन आणि फ्रान्स या दोघांनाही भांडण मिटायला हवं होतं, म्हणून निर्णय पाळला गेला. कॉर्फूमध्ये त्यांना इटलीला दुखवायचं नव्हतं आणि व्हिल्नामध्ये फ्रान्सला पोलंड हवा होता, म्हणून संघाचं काही चाललं नाही. त्यामुळे १९२० च्या दशकात संघ मर्यादितच यशस्वी म्हणावा लागेल : मोठ्या राष्ट्रांची इच्छा असेल तिथं तो उपयोगी पडला, नसेल तिथं त्याच्याकडे स्वतःचं असं काही साधन नव्हतं."

आणि ऑलंडबद्दल विचारणाऱ्या मुलाचा निकष? तोही चालतो. "युद्ध टळणं म्हणजे यश मानलं तर ऑलंड पूर्ण यश आहे. तिथल्या लोकांची इच्छा पाळली जाणं म्हणजे यश मानलं तर ते अपुरं आहे, कारण त्यांना भाषेची हमी मिळाली, पण देश निवडता आला नाही. संघ शांततेसाठी स्थापन झाला होता, म्हणून मी पहिला निकष महत्त्वाचा धरतो." निकष सांगितला, दुसरा निकष नाकारला आणि नाकारण्याचं कारण दिलं. कोणी उलट बाजू घेऊन कारण दिलं तरी गुण तेवढेच, कारण तपासणाऱ्याला तुमचं मत नको असतं, मतापर्यंत पोचण्याची वाट हवी असते.

एक इशारा. असा शेवट पाठ करून, वरच्या परिच्छेदांत फक्त वर्णन ठेवून उत्तर लिहिलं तर तो दहावर नेत नाही. मूल्यमापन स्पष्टीकरणाच्या खांद्यावर उभं असतं. खाली खांदाच नसेल तर तपासणारा ते मोघम मत म्हणून सोडून देतो.

स्वतःचं उत्तर स्वतः तपासा

पहिला पेपर २ तासांचा आणि ६० गुणांचा असतो, म्हणजे गुणाला दोन मिनिटं. दहा गुणांना वीस मिनिटं. घड्याळ लावून तेवढ्यातच लिहा, नाहीतर तपासणी खोटी पडते. एक दिवस जाऊ द्या. मग वहीच्या समासात प्रत्येक वाक्यापुढं एक अक्षर लिहा : माहिती असेल तर "मा", ती माहिती प्रश्नाशी जोडली असेल तर "स्प", बाजूंची तुलना किंवा वजन असेल तर "मू". समास बघितला की लेव्हल दिसते. सगळे "मा" असतील तर दुसरी. "स्प" एकाच बाजूला असतील तर तिसरी. दोन्हीकडे असतील तर चौथी. "मू" शेवटच्या दोनच ओळींत असेल, तर त्या ओळी वरच्या कोणत्या "स्प"चा उपयोग करतात ते बोटानं दाखवा. दाखवता आलं नाही तर ते अक्षर खोडा.

लेव्हल ठरल्यावरच आतला गुण ठरवा. तिसऱ्या लेव्हलमध्ये एकच स्पष्टीकरण असेल तर चारच्या आसपास, दोन-तीन नीट असतील तर सहा. मुलं उलट करतात, आधी "सात तरी मिळायला हवेत" असं ठरवून लेव्हल शोधायला जातात.

दुसऱ्या मंडळांची स्कीम हातात आली तर शब्द वेगळे दिसतील. इंग्लंडच्या एक्यूए मंडळाच्या जीसीएसई इतिहासात सोळा गुणांच्या प्रश्नाला चार लेव्हल असतात आणि त्यांची नावं बेसिक, सिंपल, डेव्हलप्ड, कॉम्प्लेक्स अशी चढत जातात. तिथं वरच्या लेव्हलला निर्णय "सस्टेन्ड" हवा असतो, म्हणजे पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत एकाच युक्तिवादाचा धागा हवा. समासातली अक्षरं तिथंही चालतात, फक्त "मू" पानभर पसरलेली दिसली पाहिजेत.

त्या मुलीनं पुढच्या आठवड्यात तेच उत्तर पुन्हा लिहिलं. सातपैकी तीन घटना तिनं स्वतः काढून टाकल्या, कारण त्यांच्यासाठी तिला वेगळं "म्हणून" सापडेना. उरलेल्या चार होत्या : कॉर्फू, व्हिल्ना, बल्गेरिया, ऑलंड. उत्तर दीड पानाचं झालं आणि समासात दोन्ही बाजूंना "स्प" होते. मी नऊ दिले. तिनं शेवटचा परिच्छेद माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "सर, इथं व्हिल्ना आणायला पाहिजे होतं, होय की नाही?"